आजोबांच्या पेटीतल्या चामड्याच्या बाहुल्या: वय कसं ओळखावं?

राजुराकर

नमस्कार मंडळी. आमचं गाव राजुरा तालुक्यात. यंदा जुना वाडा उतरवायला काढला, तर माळ्यावर एक सागवानी पेटी निघाली. आत चामड्याच्या बावीस बाहुल्या आहेत, एकावर एक सपाट रचलेल्या. सगळ्यात वर गणपती, खाली राम, सीता, हनुमान, आणि तळाशी दहा तोंडांचा रावण. रावण साडेचार फुटांच्या आसपास भरतो. हनुमान एक्केचाळीस इंच, अंगाने हिरवा. हातपाय दोऱ्याने बांधलेले, हलतात. उजेडासमोर धरलं की आरपार दिसतात, मधासारखा रंग येतो.

आजी म्हणते, "बोम्मलाटावाले यायचे. पावसाळ्यात आपल्याच ओसरीवर राहायचे. एका वर्षी ज्वारी उचलली, पेटी ठेवून गेले, ते परत आलेच नाही." साल तिला सांगता येत नाही. पण ती लग्न होऊन आली १९५६ साली, आणि खेळ तिने गॅसबत्तीच्या उजेडात पाहिला आहे.

नागपूरचा एक व्यापारी येऊन गेला. रावण आणि हनुमान हातात धरून म्हणाला, "दोनशे वर्षं जुनं आहे, हे दोन मला द्या, बाकीचं ठेवा." मला घाई नाही. वय खरंच कळतं का, कसं कळतं, आणि यांची निगा कशी राखायची, हे जाणकारांनी सांगावं.

आणखी एक. माझ्या चुलतभावाने चांगल्या मनाने सीतेला ओल्या फडक्याने पुसलं. पदराचा लाल रंग फडक्यावर उतरला. तेव्हापासून पेटीला कुणाला हात लावू दिला नाही.

झाडीचा पोट्टा

भाऊ, आमच्या इकडं दंडार नि झाडीपट्टीची नाटकं होतात, पण चामड्याची बाहुली मी नाही पाहिली कधी. राजस्थानच्या कठपुतळ्या त पाहिल्या हाय, लाकडाच्या. त्या लोकांनी चामडं लावलं असन काय?

कोकणकडा

कठपुतळी वेगळी, ही वेगळी. चामड्याच्या बाहुल्या म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातलं पिंगुळी. ठाकर समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या सावल्या, तिन्ही आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठीच पद्मश्री मिळाली. तुमच्या बाहुल्या पिंगुळीच्याच असणार. महाराष्ट्रात दुसरीकडे ही कला नाहीच. फिरता फिरता कुणीतरी तिकडे आलं असेल.

काजळरेघ

कोकणकडा यांचं पिंगुळीबद्दलचं बरोबर, पण या बाहुल्या तिकडच्या नाहीत. पिंगुळीच्या मी हाताळल्या आहेत. त्या लहान असतात, बहुतेक एकसंध, हातपाय क्वचितच सुटे. साडेचार फुटी, दोऱ्यांनी जोडलेली, रंगाने भरलेली बाहुली म्हणजे तेलुगू मुलखातला तोलुबोम्मलाटा. हिरवा हनुमानही तिकडचाच. आजीच्या तोंडी बोम्मलाटा हाच शब्द आहे, यात सगळं आलं.

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या मुलखात होता, आदिलाबाद जिल्ह्यात. चांदा जिल्ह्याला जोडला गेला १९५९ साली. त्यामुळे तेलुगू मंडळी तुमच्या ओसरीवर पावसाळा काढत होती, तर ती परमुलखातून आली नव्हती. त्यात आणखी एक गंमत अशी की तोलुबोम्मलाटा करणाऱ्या बऱ्याच घराण्यांची घरची बोली मराठीच आहे, आरे मराठी. पडद्यावर तेलुगू बोलायची आणि चुलीपाशी मराठी. आजीला विचारा, ती माणसं तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायची.

मी एका संग्रहालयात जतनाच्या कामावर बरीच वर्षं होतो, आता निवृत्त. दोनशे वर्षं हा आकडा त्या व्यापाऱ्याने कशावरून काढला, ते विचारून घ्या. नुसतं पाहून कुणालाच तो सांगता येणार नाही. पण फक्त हनुमान घेऊन नीट पाहिलं तर बरंच कळेल. एवढं करा: दिवसा खिडकीपाशी बसा, भिंग घ्या, आणि हनुमानाच्या दोन्ही बाजूंवर काजळी कुठे आहे ते लिहून काढा. कोरडा, मऊ, रुंद ब्रश सोडून काहीही लावू नका. पाणी नको, तेल तर अजिबात नको.

पैनगंगा

तेल का नको? आमच्या घरी मृदंगाच्या पुड्याला तेलाचा हात लावतात, चामडं मऊ राहतं. उन्हाळ्यात विदर्भात कातडं करकरीत वाळतं, तेल नाही लावलं तर तडकेल ना?

काजळरेघ

पैनगंगाताई, तडकण्याची भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. बाहुलीचं कातडं कमावलेलं नसतं. बकऱ्याचं कच्चं कातडं भिजवून, केस आणि मांस खरवडून, ताणून वाळवलेलं असतं. चपलेचं चामडं आणि हे, दोन वेगळ्या वस्तू. कमावलेलं चामडं अपारदर्शक होतं, त्यातून उजेड जाणार नाही, मग खेळ कसला करणार? तेल लावलं तर पहिल्या दिवशी छान पारदर्शक दिसतं. वर्षभरात ते काळवंडतं, चिकट होतं, धूळ धरतं. आणि रंग बहुधा डिंकात किंवा पाण्यात कालवलेला असतो, तो त्या तेलात पसरतो. झालेलं नुकसान मागे घेता येत नाही.

कच्चं कातडं हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. मे महिन्यात ते आक्रसून वाकडं होतं, श्रावणात ढिलं पडतं आणि बुरशी येते. दर वर्षीचा हा खेळ थांबवणं, एवढंच तुमच्या हातात आहे. सागवानी पेटी चांगलीच आहे, ती खोलीच्या आतल्या भिंतीला लावा, पत्र्याखाली किंवा माळ्यावर नको. वाकडी झालेली बाहुली हाताने सरळ करू नका. मोडली तर जिथे मोडली तिथेच तुटून येते.

सिरोंचा_पूल

मी सिरोंच्याचा. आंध्रातल्या निम्मलकुंट्याला दोन वेळा जाऊन आलो, कामाच्या निमित्ताने. दलवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, ते त्याच गावचे. कातडं कसं तयार करतात ते डोळ्यांनी पाहिलं. आधी पाण्यात भिजवतात, मग बोथट सुरीने केस खरवडतात, उलटं करून मांसाचा पापुद्रा खरवडतात. ही खरवड जिथे कमी पडते तिथे पुढे उजेडात डाग दिसतो, ढगासारखा. मग ताणून उन्हात सुकवतात. त्यावर टोकदार सळईने आकृती ओरखडतात. दागिन्यांची भोकं लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून छोट्या छोट्या टोच्यांनी पाडतात, गोल, चौकोनी, पानासारखी. एका मोठ्या मुकुटात शेकडो भोकं. उजेड लागला की तेवढीच रत्नं चमकतात. हल्ली तिथे दिव्यांच्या शेड्स आणि भिंतीवर लावायच्या शोभेच्या बाहुल्याच जास्त बनतात. रंग बाजारातल्या शाईचे, चकचकीत.

राजुराकर, तुमच्या हनुमानाच्या भोकांच्या कडा कशा आहेत? नव्या कामात कडा धारदार असतात, आणि शोभेच्या तुकड्यांत रंग बऱ्याचदा भोकाच्या आतल्या कडेवर जातो.

राजुराकर

सगळ्यांना धन्यवाद. रविवारी आजीजवळ बसून पाहिलं.

हनुमानाची एक बाजू जवळजवळ स्वच्छ आहे, थोडी घासलेली, गालाचा आणि पोटाचा रंग उडालेला. दुसऱ्या बाजूवर तपकिरी-काळा थर आहे, आणि पाठीच्या काडीजवळ दोन्ही बाजूंनी तो बोटांच्या आकाराने पुसला गेलाय, तिथे मात्र तुळतुळीत. डाव्या हातावर काजळी नाहीच. दोन्ही बाजू सारख्या. हिरवा रंगही तिथे भडक. भोकांच्या कडा अंगावर गोलसर झाल्यात, डाव्या हातावर बोटाला लागतात इतक्या टोकदार.

आजीला भाषेबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आपल्यासारखंच बोलत, पण उलटंपालटं." इतकी वर्षं तिला कुणी हे विचारलंच नव्हतं.

काजळरेघ

हेच हवं होतं. बाहुली पडद्याला टेकवून नाचवतात आणि दिवा मागे असतो. पडद्याकडची बाजू कापडावर घासून स्वच्छ राहते, दिव्याकडची धूर खाते. पूर्वी एरंडेलाचे दिवे, मग गॅसबत्ती. म्हणून खऱ्या वापरातल्या बाहुलीची काजळी एकाच बाजूला असते आणि काडीपाशी बोटांनी पुसलेली असते. बनावट जुनी करणारे चहाच्या पाण्यात बुडवतात किंवा धुरावर धरतात, त्यांची दोन्ही बाजू सारखी मळते, भोकांच्या आतली कडही मळते, आणि काडीजवळ हात फिरल्याची खूण राहत नाही. तुमचा हनुमान वर्षानुवर्षं नाचलेला आहे.

डावा हात नंतरचा. कातडं फाटलं असेल, नवा हात बांधला. त्यावर काजळी नाही, म्हणजे एकतर विजेचा बल्ब आल्यावरचा किंवा मंडळी पेटी ठेवून जाण्याआधी फार तर एखाद्या हंगामाचा. आजी सांगते तो खेळ गॅसबत्तीवर होता, तेव्हा दुसरी शक्यता अधिक. म्हणजे हात १९५६ नंतर थोड्याच वर्षांचा असावा, आणि अंग त्याच्या कितीतरी आधीचं.

कितीतरी म्हणजे किती, ते अजून उरलंच. आता हनुमानाच्या मांडीचा सांधा शोधा. मांडी कमरेच्या कातड्याखाली जाते तिथे हलक्या हाताने, दोरा न सोडता, वरचं कातडं अर्धा इंच उचला. त्या झाकलेल्या पट्टीत उजेड कधी लागला नाही आणि पुन्हा रंगवताना ब्रशही पोचत नाही. तिथला रंग आणि बाहेरचा रंग सारखा आहे का पाहा.

संग्राहक_अमरावती

एवढा खटाटोप कशाला? कार्बन डेटिंग करून घ्या, थोडं कातडं द्यायचं, साल छापून येतं. आणि ओल्या फडक्याला लाल लागला म्हणजे रंग रासायनिकच, जुना नैसर्गिक रंग सुटत नाही. ते सीतेने सिद्ध केलंच आहे.

काजळरेघ

संग्राहकभाऊ, दोन्ही मुद्दे अर्धे खरे आहेत.

कार्बन डेटिंग १६५० ते १९५० या काळात मोठी गोंधळाची असते. उत्तर येतं, पण एकाच कातड्यासाठी दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्या निघतात. अठराव्या शतकातली आणि विसाव्या शतकातली, दोन्ही शक्य, असंही येऊ शकतं. मात्र १९५५ नंतरच्या कातड्याला ती नक्की पकडते, कारण तेव्हाच्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुपटीवर गेला होता. म्हणजे डावा हात १९५५ नंतरच्या बकऱ्याचा आहे का, हे कळू शकेल. अंगाचं साल मिळणार नाही. आणि त्यासाठी तुकडा कापावा लागतो.

रंग सुटण्याचं म्हणाल तर डिंकात कालवलेला कोणताही रंग सुटतो, लाखेचाही. रासायनिक रंग हिंदुस्थानच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहेत. तेव्हा रासायनिक निघाला तरी वस्तू कालची ठरत नाही, फक्त तो रंग १८६० च्या आधीचा नाही एवढंच ठरतं. दोनशे वर्षांच्या आकड्याला मात्र ती बाब पुरेशी अडचणीची आहे.

सीतेच्या लालवर एक तपास घरी करता येतो. नोटा तपासायची अतिनील बॅटरी असते, त्यातली ३६५ नॅनोमीटरची मिळवा. ३९५ ची स्वस्त मिळते पण ती स्वतःच जांभळा उजेड इतका फेकते की काही समजत नाही. अंधारात त्या लालवर टाका. भडक नारिंगी पेटला तर ऱ्होडामाइन जातीचा रंग, तो १८८७ नंतरचा. मंजिष्ठासुद्धा थोडी गुलाबी-नारिंगी चमकते, पण मंद. काहीच नाही चमकलं तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्याच बॅटरीने दोराही पाहा. निळा-पांढरा चमकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन आहे, म्हणजे दोरा साधारण १९५० नंतरचा. पण दोरा बाहुलीचं वय सांगत नाही, शेवटच्या दुरुस्तीचं सांगतो.

झाडीचा पोट्टा

काजळरेघ काका, काऊन इतके सांभाळून बोलता तुमी? सरळ सांगा ना, शंभर वर्सं हाय का नाही. भाऊला विकायचं असन त भाव बी तसाच सांगावा लागन.

संग्राहक_अमरावती

भावाचं मी सांगतो, कारण मी घेतो. एकेकटा रावण किंवा हनुमान भिंतीवर शोभतो, म्हणून व्यापारी तेच मागतात. पण जाणता संग्राहक पेटी मागतो. एकाच मंडळीचा पूर्ण संच, त्यात जुट्टू पोलिगाडू आणि बंगारक्का ही विनोदी जोडी, सावकार, शिपाई, झाडं, वाघ, असं सगळं असेल तर त्यावरून मंडळी कोणते खेळ करत होती तेच कळतं. दोन मोठ्या काढून दिल्या की उरलेल्या वीसांना कोणी विचारत नाही. मी स्वतः दहा वर्षांपूर्वी एका फुटलेल्या संचातली एकच बाहुली घेतली आणि बाकीच्या कुठे गेल्या ते आजही शोधतोय.

राजुराकर, पेटीत पोटाचा घेर मोठा, शेंडी ताठ असा माणूस आहे का?

राजुराकर

आहे! शेंडीवाला आहे, आणि त्याच्याबरोबर एक बाईही. आजी त्या दोघांना पाहून एवढी हसली की डोळे पुसायला पदर घेतला.

सिरोंचा_पूल

मग पेटी पूर्ण असण्याची शक्यता मोठी. आणि भावाआधी एक गोष्ट. निम्मलकुंट्यात जुन्या लोकांनी सांगितलं की देवांसाठी हरणाचं कातडं वापरायचे, भीम-रावणासारख्या राकट पात्रांसाठी चितळाचं, बाकी सगळं बकऱ्याचं. तुमचा गणपती-राम हरणाचे निघाले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची विक्री करता येत नाही. वरून, शंभर वर्षांहून जुनं ठरलं तर पुरावस्तू कायदाही लागतो, तोही १९७२ चाच, परदेशी पाठवणं बंद. त्या व्यापाऱ्याने दोनशे वर्षं म्हटलं तेव्हा हे सांगितलं का?

राजुराकर

त्याने एक शब्द काढला नाही. उलट म्हणाला, "कागदपत्रं नको, रोख देतो."

मांडी पाहिली. कमरेखाली झाकलेल्या पट्टीत हिरवा नाही, फिकट, करडट हिरवट-पिवळा आहे. बाहेरचा गडद हिरवा त्या पट्टीच्या काठाला सरळ रेषेत थांबतो. भिंगातून तडे दिसतात, त्या तड्यांत गडद हिरवा उतरलाय. बॅटरी मागवली, ३६५ चीच. सीतेच्या पदराचा लाल पेटला नाही, थोडा मळका दिसला. हनुमानाच्या डाव्या हाताचा दोरा मात्र चुन्यासारखा चमकला, उजव्या हाताचा नाही.

काजळरेघ

छान. आता हनुमान असा वाचता येतो. पहिलं रंगकाम फिकट हिरव्या-पिवळ्याचं. बहुधा हळद आणि नीळ मिसळून हिरवा केलेला, पुढे हळद उडाली. पण झाकलेल्या पट्टीत उजेड नसताना हळद उडायला नको, म्हणून ते मी ठाम म्हणत नाही. मग बाहुली वापरात राहून कातडं तडकलं, त्यानंतर कुणीतरी गडद हिरवा चढवला, तो तड्यांत उतरला. म्हणजे पहिला रंग आणि दुसरा रंग यांच्यात तडे पडण्याइतका काळ गेला. त्याच्यावर गॅसबत्तीची काजळी. सगळ्यात शेवटी डावा हात, १९५० नंतरच्या दोऱ्याने बांधलेला.

तर झाडीच्या पोट्ट्याला उत्तर: अंग १९५० च्या आधीचं, हे मी सांगतो. १९०० च्या आधीचं असेलही, पण हातात असलेल्या खुणांवरून ते म्हणता येत नाही. सीतेचा लाल पेटला नाही, म्हणून तोही मार्ग बंद. शंभर वर्षं हा आकडा या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी पडतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने पेटी तपासून घेणंच बरं. कातडी ओळखण्यासाठी भिंगाने केसांच्या मुळांची भोकं पाहता येतात. बकऱ्याच्या कातड्यात मोठ्या भोकांच्या ओळी आणि त्यांच्याखाली बारीक भोकांचे पुंजके दिसतात. पण खरवडलेल्या कातड्यावर ते बऱ्याच ठिकाणी पुसलेले असतात. गणपतीवर दिसले का ते कळवा, मी फोटोवरून निवाडा करणार नाही. पेटी घेऊन नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात कुणाला तरी दाखवा.

कोकणकडा

पिंगुळीच्याच असणार, हे मी ठासून लिहिलं होतं. ते चुकलं. आरे मराठीबद्दल मला माहीतच नव्हतं. आमच्याकडच्या ठाकरांशी त्यांचं काही नातं लागतं का?

काजळरेघ

भाषा आणि खेळ जवळचे आहेत, एवढंच म्हणता येतं. कर्नाटकातल्या किळ्ळेक्यात मंडळींची घरची बोलीही मराठीच, आणि तेही चामड्याच्याच बाहुल्या खेळवतात. त्यापुढचं नातं लावणं धाडसाचं होईल.

पैनगंगा

राजुराकर, सीतेचं काय करणार? पदर फिकाच राहू द्यायचा का? मी रंगकाम करते, हवं तर भरून देईन, कुणाला कळणार नाही.

राजुराकर

पैनगंगाताई, मनापासून आभार, पण सीता आहे तशीच ठेवतो. फिका पदर चुलतभावाच्या हातून झाला, तो तिथे दिसू दे.

गणपतीवर भिंगाने पाहिलं. डाव्या कानाच्या कडेला ओळी आणि पुंजके दिसले. पोटावर काहीच नाही, खरवडून गुळगुळीत. एका कानावरून पूर्ण बाहुली बकऱ्याची म्हणावं का, ते काजळरेघ काकांनी सांगावं. व्यापाऱ्याला नाही म्हटलं. आजी म्हणते, पेटी त्या माणसांची आहे, ज्वारी आपण देऊन मोकळे झालो. आदिलाबादकडच्या गावांत अजून कुणी बोम्मलाटा करणारं घर उरलं असेल, तर सिरोंचा_पूल यांनी चौकशी करून पाहावी, एवढी विनंती.

सिरोंचा_पूल

करतो. पुढच्या महिन्यात मंचेरियालला जाणार आहे, शेंडीवाल्याचा फोटो तेवढा पाठवा. हनुमान सगळीकडे सारखाच असतो. शेंडीवाल्याच्या तोंडावरून घराणं ओळखणारे म्हातारे मी पाहिलेत.